दीडशे पानांच्या मठ्ठ्याचं मीठ

मीठ घातलं की मी पातेल्यावर झाकण ठेवते आणि झाकणावर डाव पालथा घालते. मुलगी हसते मला. दोन माणसांच्या कढीसाठी एवढं नाटक कशाला, म्हणते. तिला कधी सांगितलं नाही. आज लिहून टाकते, नाहीतर हे माझ्याबरोबरच जायचं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न होऊन पाचच महिने झाले होते. डोंबिवलीत, ठाकुर्लीच्या बाजूला आमच्या सोसायटीच्या चार इमारती होत्या आणि मधल्या पटांगणात दरवर्षी मे महिन्यात सत्यनारायण व्हायचा. पूजा, आरती आणि मग दीडशे पानं. माझ्या सासूबाई महिला मंडळाच्या कर्त्याधर्त्या. सामान त्यांच्या ताब्यात, किल्ल्या त्यांच्या कमरेला. स्वयंपाकाला मात्र कोपरहून एक काकू यायच्या. लवकर विधवा झालेल्या, एक मुलगी कॉलेजात. आमच्या चार इमारतींतली मुंजी, बारशी, डोहाळजेवणं, सगळीकडे त्याच. दुसरा आधार नव्हता त्यांना. आमच्याकडून ओरड झाली असती तर त्या घराची चूल थंडावली असती, हे सगळ्यांना माहीत होतं. मलासुद्धा माहीत होतं. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे मला पुढे सबब सांगता यायला नको.

त्या दिवशी सासूबाईंनी मला काकूंच्या हाताखाली दिलं. "नवी आहे, शिकवा जरा," म्हणाल्या. काकू कमी बोलायच्या, पण मापाचं बोलायच्या. भाड्याने आलेलं पितळी पातेलं त्यांनी आधी उन्हात धरलं, आतून बोट फिरवलं आणि बाजूला सारलं.

"कल्हई गेलीय. ह्यात ताक कळकेल. स्टीलचं पिंप आणा."

पिंप आलं. मग मला म्हणाल्या, "सूनबाई, भातावरचं साधं ताक असेल तर एकाला तीन पाणी चालतं. जिलेबीबरोबर मठ्ठा आहे, तो दाटच हवा. एकाला दोन. दही दहा किलो आहे, मग पाणी किती?"

"वीस लिटर," मी शाळेतल्यासारखं उत्तर दिलं.

"चूक. सोळा. चार किलो बर्फ पडणार आहे ना वरून? तो काय कोरडा राहणार आहे?"

मी लाजले. त्या हसल्या नाहीत, पण डोळे हसरे होते. दही आधी नुसतंच घुसळलं, गुठळी राहू दिली नाही, मग थोडं थोडं पाणी. तीस लिटरला दीडशे ग्रॅम आलं किसून त्याचा रस, पाऊणशे ग्रॅम हिरवी मिरची ठेचून, भाजलेल्या जिऱ्याची पूड साठ ग्रॅम, हिंग चिमूटभर, साखर दोन मुठी. कोथिंबीर अगदी शेवटी, नाहीतर काळी पडते. आणि मीठ दोनशे ग्रॅम, म्हणजे त्यांच्या स्टीलच्या वाटीने सपाट दोन वाट्या, गार पाण्यात विरघळवून. हे सगळे आकडे मला अजून पाठ आहेत. माझ्या मुलीची जन्मवेळ मला पटकन आठवत नाही, पण हे आठवतं.

"चव कधी बघायची?" मी विचारलं.

"नैवेद्य झाल्यावर. त्याआधी जिभेला लावायचं नाही. म्हणून तर माप." मग त्यांनी आपली रीत सांगितली. चाखायचं नाही आणि हात चार बायकांचे, त्यामुळे ज्या भांड्यात मीठ पडलं त्याच्या झाकणावर डाव पालथा घालायचा. डाव दिसला की मीठ पडलंय, नाही दिसला की नाही पडलं. बोलायचीही गरज नाही. मला ती रीत फार आवडली. किती हुशार बाई आहे, असं वाटलं.

बारा वाजून गेले. पूजा आरतीपर्यंत आली होती, नुसती धावपळ. काकूंनी मठ्ठ्यात मीठ घातलं, झाकण ठेवलं, डाव पालथा घातला आणि नैवेद्याचं ताट वाढायला मांडवात गेल्या. इकडे आमटी उतू जायला लागली. सासूबाई ओरडल्या, "अगं डाव कुठाय? डाव आण!" समोर दिसला तो मी उचलला आणि पळाले. पिंपाच्या झाकणावरचा. आमटी ढवळली. त्या घाईत माझ्या डोक्यात काहीसुद्धा आलं नाही. शप्पथ सांगते, काहीसुद्धा नाही.

पाच-सात मिनिटांनी सासूबाईंनी विचारलं, "मठ्ठ्याचं मीठ पडलंय का गं?"

मी पिंपाकडे पाहिलं. झाकण मोकळं. "नाही पडलं, आई. मी घालते." केवढी ऐट होती त्या 'मी घालते'मध्ये! सपाट दोन वाट्या मोजल्या, पाण्यात विरघळवलं, ओतलं, ढवळलं. मला वाटलं, काकू शाबासकी देतील.

नैवेद्य झाला. पहिली पंगत बसली, जिलेबीची ताटं फिरायला लागली. काकूंनी पिंपाचं झाकण काढलं, पळीभर मठ्ठा हातावर घेतला आणि तोंडाला लावला. त्यांचा चेहरा मी पाहत होते. त्यांनी पुन्हा एकदा चाखलं. मग आमटीच्या पातेल्यात उभा असलेला डाव पाहिला. मग मिठाची पिशवी. मग मला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

काकूंनी एकच विचारलं, "डेअरीत दही मिळेल?" एकीने गॅलरीतून पाहून सांगितलं, रविवार आहे, केव्हाच बंद झाली. मीठ दुप्पट झालं, तर मठ्ठाही दुप्पट करायला हवा होता. दही नसेल तर फक्त पाणी. त्यांनी बर्फ टाकला आणि वरून पंधरा लिटर पाणी ओतलं. खारटपणा पिण्याजोगा झाला, पण एकाला दोनचा मठ्ठा एकाला साडेतीनवर गेला. उरलेलं आलं-जिरं घातलं, पण दाटपणा कुठून आणणार? वाटीत ओतला की तळ दिसायचा.

पंगतीत कुजबुज सुरू झाली. "मठ्ठा आहे की वाट्या विसळलेलं पाणी?" एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले. सासूबाई तरातरा मागे आल्या. पिंपात वाकून पाहिलं. आणि चार बायकांसमोर म्हणाल्या,

"अहो, दहा किलो दही मी स्वतः मोजून दिलंय. कुठं गेलं ते?"

त्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळला होता. काकूंची पिशवी कोपऱ्यात भिंतीला टेकून होती, एका बाईची नजर तिकडे गेलेली मी पाहिली. काकूंनीही पाहिली. त्या पंगतीकडे पाठ करून उभ्या होत्या, हात ओले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसती वाट पाहिली. मोजून दोन-तीन श्वास असतील. मला बोलायला तेवढा वेळ भरपूर होता. 'आई, काकूंचं मीठ पडलेलं होतं, वरून पुन्हा मीठ मी घातलं.' झालं! जास्तीत जास्त काय झालं असतं? सासूबाईंनी चार शब्द सुनावले असते, बायका हसल्या असत्या, पुढच्या सत्यनारायणापर्यंत विसरल्या असत्या. पण पाच महिन्यांची सून, सगळी सोसायटी जमलेली. माझी जीभ उचलेना. भित्री मेली!

मग काकूच म्हणाल्या, "माझ्या हातून पाणी जास्त झालं."

त्यांनी भांडी घासून दिली, पिशवी उचलली. जाताना ती सगळ्यांसमोर उलटी करून झटकली आणि गेल्या. आत एक नॅपकिन आणि ती स्टीलची वाटी होती.

पुढच्या मुंजीला दुसरी बाई आली. बारशालाही. आमच्या चार इमारतींत कुणी ठरवून काही केलं नाही. फक्त काकूंना बोलावणं गेलं नाही. "दही उचलणारी" एवढंच नाव मागे राहिलं. जिन्यात ते शब्द कानावर पडले की मी पायऱ्या भराभर उतरायचे. आणि घरी ताक केलं की कुणीतरी मागे उभं राहून वाट पाहतंय असं वाटायचं. वळून पाहिलं तर स्वयंपाकघर रिकामं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जिवंत माणसाचं भूत होत नाही हेही मला कळतं. तरी मी वळून पाहायचे.

सात-आठ वर्षांनी, एका दुपारी धीर करून कोपरला गेले. चाळ विचारत विचारत सापडली. काकू थकल्या होत्या, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. बस म्हणाल्या. कशाला आलीस, असं विचारलं नाही. मुलगी शिक्षण सोडून एका दुकानात लागली, मग लग्न होऊन कल्याणला गेली, एवढं सांगितलं. आत जाऊन ताकाचा पेला आणला, शेजारी एक वाटी ठेवली. तीच वाटी. तिच्यात मीठ.

"तुझं तू घाल," म्हणाल्या. "मी हल्ली कुणाच्या ताकात मीठ घालत नाही."

मी रडायला लागले. "काकू, ते मीठ मी घातलं होतं."

"ठाऊक आहे मला. डाव आमटीत होता."

"मग तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"मी बोलले असते तर कुणाला खरं वाटलं असतं? सगळ्यांनी म्हटलं असतं, आपलं लपवायला पोरीवर ढकलते. ते तूच बोलायला हवं होतंस." मग शांतपणे म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच आहे. ज्यांनी ऐकलं, त्यांना सांग."

सांगते म्हणाले मी. येत्या सत्यनारायणाला, सगळ्यांसमोर. अगदी हात धरून म्हणाले.

त्या वर्षी सासूबाईंना बरं नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी नणंदेचं लग्न ठरत होतं. नंतर तर कारण शोधायचीही गरज पडेना. काकू गेल्याचं मला कुणाच्या तरी बोलण्यात कळलं. सासूबाई गेल्या. त्या दिवशी मागे उभ्या असलेल्या चारही बायका एकेक करून गेल्या, आमच्या इमारती पाडून नव्या उभ्या राहिल्या, पटांगणात आता गाड्या लागतात. ज्यांना ज्यांना सांगायचं होतं, त्या सगळ्या काकूंनी दही नेलं असं समजूनच गेल्या.

आज दुपारीही ताक केलं. घरात मी एकटीच होते. एका वाटीला तीन वाट्या पाणी, मीठ चमचाभर, वर झाकण, झाकणावर पालथा डाव. मग नेहमीसारखी वळले आणि त्या रिकाम्या स्वयंपाकघराला मोठ्याने सांगितलं, "मीठ मी घातलं."