एकशे सत्तेचाळीस सौदे

कॉर्क शहरात घर विकायचं असलं की लोक हॅनरहन यांच्या ऑफिसात येतात, आणि त्या घराबद्दल खरं काय ते कळायला हवं असलं की तिथल्या फिलोमिना क्रीडनपुढे बसतात. हा फरक आमचे मालक डोनल हॅनरहन यांना अजून उमगलेला नाही. मी तिथे पंधरा वर्षं भाड्याच्या घरांचं काम बघतोय. मला पहिल्याच आठवड्यात उमगला.

फिलोमिना डोनलच्या वडिलांच्या वेळी टायपिस्ट म्हणून लागली, त्याला चौतीस वर्षं झाली. तिच्या टेबलावरची पाटी अजून 'स्वागतकक्ष' एवढंच म्हणते. नदीच्या उत्तरेकडच्या चढावरचं कुठलं घर किती वेळा विकलं गेलं, कुणी का विकलं, कुठल्या घरात दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, सगळं तिला पाठ. विक्रीचा परवाना मात्र तिने कधी काढला नाही. "घरं विकायला माझे गुडघे नाहीत आणि खोटं हसू तर मुळीच नाही," म्हणायची.

मार्चमध्ये आमचा जुना विक्रेता निवृत्त झाला. नवा माणूस हवा म्हणून डोनलने जाहिरात लिहिली: 'झपाटलेला, ध्येयवेडा, क्षितिजापलीकडे पाहणारा सहकारी पाहिजे.'

"डोनल, आपल्याला घरं विकणारा हवाय की ध्रुवावर जाणारा?" फिलोमिनाने विचारलं. तिने त्याला लहानपणी चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे ऑफिसात त्याला अरेतुरे करणारी ती एकटीच.

मग तिने जाहिरात नव्याने लिहिली. काम जुन्या, वापरात असलेल्या घरांचं. त्यातली बरीच वारसांची. भाग शहराच्या उत्तरेचा. परवाना हवा. आणि गेल्या तीन वर्षांत स्वतः, पाटी लावण्यापासून किल्ल्या देण्यापर्यंत, किती घरं विकली ते लिहा.

एकतीस बायोडाटा आले. फिलोमिनाने एका कागदावर चार रकाने आखले: सौदे, घरांचा प्रकार, भागाची माहिती, माणसं सांभाळणं. मग पेन्सिल घेऊन बसली. बहुतेकांनी जाहिरात वाचलीच नव्हती. एकाने कारखान्यांचे गाळे विकले होते, एकाने बोटी.

डोनलला मात्र पहिल्याच दिवशी साक्षात्कार झाला. कॉर्मॅक लूनी. चार पानी बायोडाटा, पहिल्या पानावर हाताची घडी घातलेला फोटो, 'संवादकौशल्य'पुढे पाच तारे, तेही त्याने स्वतःलाच दिलेले. आणि जाड अक्षरात: 'एकशे सत्तेचाळीस सौदे पूर्ण.'

"फिलोमिना, बघा तरी! तीन वर्षांत एकशे सत्तेचाळीस!"

"म्हणजे आठवड्याला एक घर. मग हा जेवतो कधी?"

मुलाखतीला डोनलने मलाही बसवलं. कॉर्मॅक आला, बत्तीसएक वर्षांचा, तोंड बघून घ्यावं असे चकचकीत बूट. डोनलशी त्याने असा हात मिळवला की जणू तोच डोनलला नोकरी देतोय. डोनल खूश. दहा मिनिटं दोघं गोल्फबद्दल बोलले. मग फिलोमिनाने चष्मा लावला.

"एकशे सत्तेचाळीस. यातले एकगठ्ठा किती?"

"एकगठ्ठा म्हणजे?"

"गोदीजवळ फ्लॅटची नवी इमारत झाली, ती डब्लिनच्या पेन्शन फंडाने आख्खी घेतली. तुम्ही तेव्हा तिथेच होतात, तिसऱ्या पानावर लिहिलंय. किती फ्लॅट होते त्यात?"

"एकशे अठरा."

"आणि तुम्ही मोजले किती?"

कॉर्मॅक किंचित हसला. "एकशे अठरा. मालमत्ता तर तितक्याच होत्या ना!"

"गिऱ्हाईक एकच होतं. बोलणी कुणी केली?"

"आमच्या टीमने."

"टीममध्ये तुम्ही काय केलंत?"

"मी... पाहणीच्या वेळी दारं उघडली."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. डोनल म्हणाला, "दारं उघडणं हेही एक कौशल्यच आहे." फिलोमिनाने कागदावर वजाबाकी केली.

उरले एकोणतीस. त्यातले अकरा भाडेकरार. अठरा 'सौदा ठरला' या पाटीपर्यंत गेलेले. आमच्या देशात ही पाटी म्हणजे साखरपुडाही नव्हे. करारावर सह्या होईस्तोवर दोघांपैकी कुणीही पाठ फिरवावी, कायदा काही म्हणत नाही. त्या अठरांतले सात असेच मोडले होते. राहिले अकरा.

"त्यांतली नवी किती?"

"दहा. नकाशावरून विकली."

"म्हणजे लोक पहाटेपासून रांगेत उभे होते, आणि तुम्ही नावं लिहून घेतलीत. मग जुनं घर?"

"एक." त्याने टाय सारखा केला. "मावशीचा बंगला."

"मावशी काय म्हणते?"

"ती आता माझ्याशी बोलत नाही."

फिलोमिनाने चौथ्या रकान्यात काहीतरी लिहिलं. मग तिने नदीकाठच्या एका गल्लीचं नाव घेतलं. तिथलं एक घर सहा वर्षांत चारदा विकायला आलं, गिऱ्हाईक का म्हणून विचारेल, काय सांगाल?

"भाग झपाट्याने वर येतोय, असं सांगेन."

"वर पाणी येतं, बाळा. भरती आणि पाऊस एकत्र आले की स्वयंपाकघरात. विमा कंपन्या पुराचा विमा देत नाहीत, आणि विम्याशिवाय बँक कर्ज सोडत नाही. गिऱ्हाईक दोन महिने धावपळ करतं आणि मग तुमच्या नावाने खडे फोडतं."

फिलोमिना कुणाला 'बाळा' म्हणाली की आम्ही समजतो, प्रकरण संपलं. तरी तिने एक शेवटची संधी दिली. आई वारलेली, घर तीन भावंडांचं. एक तिथेच राहतो, एक बॉस्टनला, तिसरी वकिलामार्फतच बोलते. चांगली बोली आलीय. पहिला फोन कुणाला?

"तिघांना एकत्र बसवून विश्वासाचं नातं—"

"वकिलाला. आईच्या मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता, प्रोबेट, हातात आलंय का, ते विचारायला. ते नसेल तर किल्ल्या कसल्या देताय?"

तो गेल्यावर डोनल म्हणाला, "काही म्हणा, माणसात जोश आहे. पाटीवर फोटो शोभेल."

"शोभेल. पाटी उतरणार नाही, त्यामुळे फोटोही बराच काळ राहील."

मग तिने दुसरा बायोडाटा पुढे केला. मॅजेला फोरन, मॅलो गावची. एकच पान, फोटो नाही. तीन वर्षांत एकेचाळीस जुनी घरं हाती घेतली, अडतीसांच्या किल्ल्या दिल्या. मोडलेल्या तिन्हींची कारणंही तिने लिहिली होती: एकात कर्ज नाकारलं, एकात शेजाऱ्याशी हद्दीचा वाद, तिसऱ्यात 'चूक माझी, वाढीव बांधकामाची परवानगी मी आधी तपासली नाही.'

"स्वतःच्या चुका कोण लिहितं!" डोनल म्हणाला. त्याने कॉर्मॅकलाच नेमणुकीचं पत्र पाठवलं.

कॉर्मॅकने चार दिवसांनी नकार कळवला. एका मोठ्या साखळी कंपनीने त्याला विभागीय संचालक केलं होतं, त्याच चार पानांवर. आता तो इतरांचे बायोडाटा तपासतो, असं ऐकतो.

तेव्हा कुठे मॅजेलाला बोलावणं गेलं. पन्नाशीची बाई, साधा कोट, हातात छत्री. गल्लीचा प्रश्न विचारायच्या आधीच ती म्हणाली, "उत्तरेचा चढ मला निम्माच ठाऊक आहे. नदीकाठ शिकावा लागेल." फिलोमिनाने तिसऱ्या रकान्यात अर्धाच गुण दिला आणि प्रथमच हसली.

मग मॅजेला डोनलकडे वळली. "आता मी विचारू? येताना तुमच्या नऊ पाट्या दिसल्या, सगळ्यांवर 'सौदा ठरला'. पाच तर गेल्या ऑक्टोबरपासून तशाच आहेत. त्यांतल्या किती घरांच्या किल्ल्या देणार आहात?"

डोनलने पाणी मागवलं. तिने पुढे अटच घातली: कुठलंही नवं घर हाती घेण्याआधी फिलोमिना तिच्याबरोबर ते बघायला येईल, कामाच्या वेळात, आणि गाडी ऑफिसची. गुडघ्यांचा प्रश्न असाच सुटला.

जूनपर्यंत त्या पाचांपैकी चार घरांच्या किल्ल्या गेल्या. शहरातल्या दलालांचं वार्षिक जेवण झालं, तिथे डोनल मॅजेलाला टेबलाटेबलावर फिरवत होता. "हा माझा शोध बरं का! बायोडाटा बघताक्षणी ओळखलं मी."

मी फिलोमिनाकडे पाहिलं. ती ताटातला उकडलेला बटाटा सोलत होती.

"सांगायचं नाही का त्याला?" मी विचारलं.

"कशाला? पुढच्या वेळी पण मी पुढे केलेला बायोडाटा त्याने असाच ओळखायला हवा ना," ती म्हणाली, आणि लोणी माझ्याकडे सरकवलं.