दात काढला, रक्त थांबेना

सोमवार, ११ नोव्हेंबर. सकाळी धुकं, मग लख्ख ऊन. दवाखान्यात नऊ पेशंट. दोन कवळ्यांची मापं, तीन दाढा भरल्या, एक दात काढला (भाऊजींचा, खालचा, हलत होता). दूधवाला उशिरा आला. गुडघा बरा.

तिच्या वहीत रोज एवढंच असायचं. खाडाखोड नाही, शिरोरेषा आखून काढल्यासारखी. सगळे तिला सिस्टर म्हणत आणि ती सिस्टर नव्हती. नवरा गेला तेव्हा ती सदतीस वर्षांची होती आणि नोकरी मागायला जाताना ननांच्या शाळेत घोटून घेतलेल्या अक्षराशिवाय तिच्याजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी ते अक्षर पाहिलं आणि तिला पेशंटचे फॉर्म भरायला ठेवून घेतलं. पुढे ती अवजारं उकळायला लागली, लाळ ओढणारी नळी धरायला लागली, आणि बघता बघता एकतीस वर्षं झाली.

तिला कशाची किळस येत नाही, अशी तिची ख्याती होती. ती खोटी होती. कवळीखालचा पांढरा बुळबुळीत थर, दाढेच्या खड्ड्यात आठवडाभर कुजलेला घास, तंबाखूने सडलेल्या हिरड्या, सगळ्याची तिला शिसारी यायची. पण चेहऱ्याची घडी मोडायची नाही, हे ती पहिल्या महिन्यातच शिकली होती. फक्त एक वास तिला सोसायचा नाही. रात्रीची दारू सकाळी तोंडातून येते तो, आंबट आणि गोडसर. तो आला की ती खिडकी उघडायची आणि म्हणायची, आज उकडतंय.

त्या सोमवारी धाकटा दीर आला तो गालात लवंग धरून. दातांच्या दवाखान्यात लवंगेचा वास आला तर कोण कशाला चौकशी करणार? माणूस हुशार होता. उन्हातून आला तरी शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत लावलेल्या. सहीसाठी पेन घ्यायला त्याने हात पुढे केला आणि बाही वर सरकली. हातावर निळे, जांभळे, कडेने पिवळट पडलेले डाग होते, नासक्या फळावर पडतात तसे.

"हे काय, भाऊजी?"

"कपाटाचं दार लागलं."

"घरात कपाटं किती आहेत?"

"वहिनी, दात काढायला आलोय. उलटतपासणीला नाही."

ती फॉर्म भरू लागली. साखर? नाही. रक्तदाब? नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या? नाही. शेवटचा प्रश्न दारूचा होता आणि पुढे तीन शब्द छापलेले होते: नाही, कधीतरी, रोज. तिचं पेन थांबलं.

"‘नाही’वर खूण करा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पोरीच्या लग्नाची बोलणी चाललीयत. मुलाच्या आत्याची कवळी ह्याच डॉक्टरांकडे झाली. कागदोपत्री कशाला उगीच?"

तिने ‘नाही’वर खूण केली. सुबक, नेमकी चौकटीत बसणारी.

दात सहज निघाला. पण अर्ध्या तासाने कापसाची घडी काढली तर ती लालभडक. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, एक टाका घातला, नवी घडी दाबायला दिली. आणखी वीस मिनिटांनी थांबल्यासारखं वाटलं. नेहमीची दुखण्याची गोळी लिहून त्यांनी त्याला घरी पाठवलं. सिस्टर थुंकायचं भांडं धूत होती. पाणी तीनदा ओतलं तरी गुलाबीच राहिलं. आता सांगावं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

मंगळवारी सकाळी पावणेआठला धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, उशी रक्ताने भिजलीय. आणि हे काहीतरी बरळतायत. पुन्हा ढोसली असणार, दुसरं काय."

घर दोन गल्ल्यांवर होतं. खोलीत शिरताच तो वास तिच्या अंगावर आला: रक्त, लवंग आणि आंबट गोड दारू. दीर पलंगावर उघडाच बसला होता, मांडीवर तसराळं. त्यात थुंकी आणि रक्त, लालचा काळा होत गेलेला साका. तिने त्याचं तोंड उघडून आत पाहिलं. दाताच्या जागी एक काळपट मऊ गोळा आला होता, खाटकाच्या फळीवरच्या काळजाच्या तुकड्यासारखा लिबलिबीत. तो श्वासासरशी हलत होता आणि त्याच्या कडेने रक्त झिरपत होतं. दीर काही थुंकत होता, बरंचसं गिळत होता. पोट टरटरून फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, दंडांवर आणि बरगड्यांवर डाग. नडग्यांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके.

ते ठिपके पाहिले आणि ती न्हाणीघरात जाऊन ओकली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"शेजारणीला वाटतं मी ह्यांना लाटण्याने बडवते," जाऊ दारात उभी राहून म्हणाली. "मी म्हटलं, बाई, बडवलं असतं तर बरं झालं असतं."

"रिक्षा बोलाव," सिस्टर तोंड धुवत म्हणाली.

मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने दिराच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पोट चाचपलं, रक्त काढून तपासायला पाठवलं. सुई काढली तिथेही ठिबकायला लागलं आणि परिचारिका ती जागा अंगठ्याने दाबून उभी राहिली.

"दारू घेतात का?"

"छे हो, तसलं काही नाही," जाऊ म्हणाली. "लग्नाकार्यात कधी घोटभर."

सिस्टरने रिक्षातून फोन केला होता; दातांचे डॉक्टर धापा टाकत पोचले. सत्तरी उलटलेला माणूस, शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात. हातात फाईल. "माझ्याकडेही नाहीच आहे," ते फॉर्म दाखवत म्हणाले. "गोळ्या नाहीत, दारू नाही, काही नाही. मग माझंच चुकलं. मुळाचा तुकडा आत राहिला असेल, नाहीतर एखादी नस फाटली. मी हिरडी उघडून बघतो. खोली द्या मला."

सिस्टरने त्यांच्या हातांकडे पाहिलं. हे हात आता ह्या माणसाच्या तोंडात सुरी घालणार, आणि ते तिच्या एका खुणेवर विश्वास ठेवून.

"उघडू नका," ती म्हणाली. "फॉर्मवरचा तो ‘नाही’ माझा आहे, डॉक्टर. त्यांनी करायला लावला, मी केला. भाऊजी रोज पितात. वीस वर्षं झाली. आता सकाळपासून सुरू असतं."

"ताई," जाऊ दातांवर दात ठेवून म्हणाली.

"माझा नवरा पोटातल्या अल्सरने गेला, असं मी सगळ्यांना सांगते. तो दारूनेच गेला. त्याच्या नडग्यांवरही हेच ठिपके होते."

दातांचे डॉक्टर भिंतीजवळच्या बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, "मी त्याला ब्रुफेन दिली."

"ती आधी बंद," डॉक्टरीण म्हणाली. "डोळे पिवळे दिसले, तेव्हाच मला शंका आली होती. पण घरचे नाही म्हणाले की आमचाही वेळ जातो."

तासाभरात रिपोर्ट आला. प्लेटलेट्स दीड लाख तरी हव्यात, त्या चौतीस हजार होत्या. रक्त गोठायला लागणारा वेळ नेहमीच्या दुपटीहून जास्त.

"पण मारलं कुणी नाही, पडलेही नाहीत. मग डाग कसले?" जावेने विचारलं. आवाजातला ताठा अजून गेला नव्हता.

"टेबलाला कोपर टेकला तरी बारीक नस फुटते," डॉक्टरीण म्हणाली. "तुमचीही फुटते, माझीही. आपली लगेच बुजते. आधी प्लेटलेट्स धावत येऊन भोकाला बूच मारतात. मग रक्तातले गोठवणारे पदार्थ त्यावर जाळं विणतात. ते पदार्थ बहुतेक सगळे लिव्हर बनवतं. ह्यांचं लिव्हर दारूने निबर झालंय, व्रणांनी भरलंय. त्याला ते पुरेसे बनवता येत नाहीत. म्हणून तोंडात गोळा दिसतो, पण धरून ठेवायला धड जाळं नाही."

"आणि प्लेटलेट्स?"

"निबर लिव्हरमधून रक्त पुढे जात नाही, मागे तुंबतं. त्याने प्लीहा सुजते आणि प्लेटलेट्स तिथेच अडकून पडतात. शिवाय हाडांच्या मगजात त्या तयार होतात, तिथेही दारू त्यांना नीट होऊ देत नाही. त्यात ती गोळी. असलेल्या प्लेटलेट्सही तिने धड चिकटू दिल्या नाहीत."

"बरळणं?"

"गिळलेलं रक्त पोटात पचतं, त्यातून विष तयार होतं. चांगलं लिव्हर ते गाळतं. ह्यांचं नाही गाळत, ते डोक्यात जातं. दारू चढलीय म्हणून झोपवून ठेवलं असतंत, तर वाईट झालं असतं."

जाऊ खाली बघत राहिली. तिने तेच केलं होतं, पहाटेपासून.

मग दंडात सुया गेल्या. व्हिटॅमिन के, पिवळसर प्लाझ्माच्या पिशव्या, प्लेटलेट्सची एक पिशवी. दातांच्या डॉक्टरांनी हिरडी उघडली नाही. तो लिबलिबीत गोळा काढला, खड्ड्यात विरघळणारा स्पंज भरला, वर दोन टाके घातले आणि रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेली घडी बोटाने दाबून धरली. त्यांचा हात भरून आला तेव्हा सिस्टरने धरली. बोटाखाली गरम, ओलं आणि तो वास. तिने मान फिरवली, पण बोट हलवलं नाही. तीन वाजता घडी कोरडी निघाली.

पोटातलं रक्त बाहेर पडावं म्हणून जुलाबाचं औषध दिलं होतं. त्याचा गुण चारला आला. डांबरासारखं काळं, चिकट आणि असं घाण की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पांघरुणात शिरला. जाऊ आणि सिस्टरने मिळून त्याला पुसलं. पाचच्या सुमारास दिराचे डोळे जरा ठिकाणावर आले. त्याने वहिनीला ओळखलं. पहिला प्रश्न विचारला तो असा:

"कुणाला सांगितलं नाही ना?"

"सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली.

त्याने भिंतीकडे तोंड केलं. जाऊ म्हणाली, "पोरीचं मोडलं तर तुमच्या माथी."

"माझ्या माथी तर माझ्या. पण त्या घरी तू सांगून मोकळी हो. मी गप्प राहून काय मिळवलं ते बघतेस ना?"

जाऊ बादली घेऊन निघून गेली.

बाहेरच्या बाकावर दातांचे डॉक्टर बसले होते. फाईल मांडीवर. "डॉक्टरीण म्हणते, ह्या वेळी निभावलं," ते म्हणाले. "पुढचं त्याच्या हातात. पिणं सोडलं तर लिव्हर थोडंफार सावरेल. नाही सोडलं तर पुढच्या वेळी रक्त दातातून नाही, आतून येईल."

"माहीत आहे."

"तुम्हाला कालच माहीत होतं, सिस्टर. मी त्याला खुर्चीत बसवलंच नसतं. आधी रक्त तपासायला पाठवलं असतं."

तिने फाईल घेतली, ‘नाही’वरच्या खुणेवर एक रेघ मारली, ‘रोज’वर खूण केली, शेजारी तारीख टाकली आणि सही केली. डॉक्टरांनी ते वाचलं.

"उद्यापासून फॉर्म पेशंट स्वतः भरतील," ते म्हणाले. "ज्याला लिहिता येत नाही त्याला मी विचारेन."

"आणि मी?"

"अवजारं तुमच्याइतकी नीट कुणी उकळत नाही. नऊला या."

घरी येऊन तिने दोनदा आंघोळ केली. तरी नखांच्या कडेला तो वास आहे असं तिला वाटत राहिलं. मग तिने वही उघडली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर. धुकं नव्हतं. दवाखाना बंद. भाऊजी इस्पितळात, रक्त तीन वाजता थांबलं. ते रोज पितात, हे मी तिथे सांगितलं. आमचे हेही त्यांच्यासारखेच प्यायचे आणि त्यानेच गेले, हे आज पहिल्यांदा लिहीत आहे. फॉर्मचं काम माझ्याकडून गेलं. गॅस सव्वासातला संपला, दुसरं सिलेंडर लावलं.