यंत्र लावण्याआधी

शिरूरच्या आमच्या दोन खोल्या नगर रस्त्याला लागून होत्या. ट्रक गेला की दारात धूळ, आणि आईला दमा. डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते : धूळ छातीत जाता कामा नये. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मला, तिच्या मुलीला, हा प्रश्न सुटण्याजोगा वाटला.

मी तुलना केली. केर काढल्यावर तासाभराने कपाटावर ओला पांढरा रुमाल फिरवायचा. केरसुणीनंतर तो काळवंडे. व्हॅक्यूम क्लीनर सतरंजीतली खोलवरची माती ओढून घेई. पण त्याच्या कापडी पिशवीतून बारीक धूळ मागच्या हवेबरोबर बाहेर पडे, शिवाय ते धूड आईला ओढवत नसे. दादाने अमेरिकेहून आणलेले आपोआप फिरणारे चपटे यंत्र सर्वांत कमी धूळ उडवी. त्याची ओढ मात्र क्षीण होती. सतरंजीच्या दशा त्याच्या ब्रशात अडकत, आणि तिच्या काळ्या पट्ट्यापाशी ते दर वेळी मागे फिरे. कडा ओळखणाऱ्या त्याच्या किरणांना काळा रंग खड्ड्यासारखा भासे.

"खुळं हाय गं तुझं कासव," आई म्हणाली. "सपाट जमिनीवर पडायला भितंय."

मी व्यवस्था लावली : फरशीवर रोज यंत्र, सतरंज्या रविवारी अंगणात मी झटकायच्या, केरसुणी बंद. सोमवारी मी दौंडच्या कॉलेजवर परत जाई. रविवारी यंत्राचा डबा उघडला की आत चिमूटभर धूळ. मी ते यश मानले. आईचा खोकला मात्र वाढत होता, आणि मी औषधावर संशय घेत होते.

एका बुधवारी कॉलेजला अचानक सुट्टी मिळाली. दुपारच्या एसटीने मी घरी पोचले. आई पदर नाकाला लावून केरसुणीने पलंगाखालचा केर काढत होती. कोपऱ्यात यंत्र पुसून, तयार ठेवलेले.

"आई, हे काय?"

"काय म्हंजी? आधी झाडून घ्यायचं, मग त्याला सोडायचं."

"अगं, झाडण्यासाठीच आहे ते!"

"दादानं एवढ्या लांबून आणलं. त्याच्या तोंडात केर घालू व्हय? आन् ब्रशात केस गुतले की रविवारी तूच बसतीस कात्री घेऊन." ती थांबली, श्वास घेतला. "तेवढाच तुझा एक दिवस असतो."

मी रुमालांचा हिशेब सांगितला, धूळ कशी तरंगते ते सांगितले. तिने समजूतदारपणे मान हलवली आणि चहा टाकला. मी केरसुणी माळ्यावर ठेवली. बाजारात ती कुठेही मिळते, हे मला ठाऊक होते.

सोमवारी दौंडहून फोन केला.

"आज झाडलंस?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि खोकला लागला म्हणून पुढचे राहिले. मी रिसीव्हर कानाशी धरून वाट पाहत राहिले.