कानातलं तेल

अगं, व्हिडिओ कॉलवर दिसतंय मला सगळं, ती केसांची पिन आधी कानातून काढ! कान खाजला की हाताला येईल ते आत घालायचं, ही कसली सवय? आमच्याकडे काय झालं ते ऐक.

दिवाळी आली की यांना दौलतगंजच्या बाजारात कान साफ करवून घ्यायचे असतात. न्हाव्याच्या खुर्चीशेजारीच तो कानवाला बसतो, पगडीत सळया खोचून. "बाबूजी, देखो कितना मैल!" म्हणत कापसावर ढीग दाखवतो. मी म्हणायची, "एवढा मळ खरंच असता तर माझं बोलणं ऐकूच आलं नसतं." हे म्हणायचे, "ते तसंही कुठे येतं!"

गेल्या वर्षी बाजूने स्कूटर जोरात गेली, हे दचकले आणि सळई आत टोचली. थोडं रक्त आलं. ते यांनी रुमालाने पुसलं आणि घरी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. नणंदबाई तेल-उटणं घेऊन आल्या. आमच्यात न्हाताना कानातही तेल घालायचं, वाडवडिलांनी दक्षिणेतून इकडे येताना आणलेली रीत. फक्त इथे तेल सरसोंचं, म्हणजे मोहरीचं. त्यांनी कोमट थेंब सोडला आणि हे "मेलो!" करून पाट धरून बसले. सगळं घर फिरायला लागलं म्हणे.

"भावाला ओवाळायच्या आधीच मारलं की काय मी!" बिचाऱ्या नणंदबाई रडायलाच लागल्या. तेव्हा कुठे यांनी खरं सांगितलं. तरी "होईल ठीक" म्हणत बसले. आठवड्यात कानातून घाण वासाचा पू यायला लागला, ताप आला. डावा कान आधीच वयाने मंद, हा उजवाच काय तो चांगला. तोही गेला तर? मी हात धरून सिटी सेंटरला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी पू साफ केला, दुर्बिणीने पाहिलं. "काका, पडद्याला भोक आहे, त्यातूनच तेल आत गेलं. सळईही ना जाणे किती कानांत फिरून आलेली. औषध देते. कान अगदी कोरडा ठेवा, तेल-पाणी काही नको, नाक जोरात शिंकरू नका. भोक लहान आहे, बहुतेक आपोआप भरेल. नाही भरलं तर ऑपरेशन."

मग काय! न्हाताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानात, आणि डोक्यावरून पाणी घ्यायचंच नाही. नणंदबाई रोज फोनवर मलाच दटावायच्या, "वहिनी, कापूस लावलात ना?"

दोनेक महिन्यांनी डॉक्टरीणबाई तपासून हसल्या, "भरला पडदा!" हे बाहेर आले ते आधी माझ्यावरच तडकले, "एवढ्या मोठ्याने का बोलतेस? बहिरा आहे का मी?" इतकं गोड रागावणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

न्हाव्याकडे अजून जातात. पण नवं ब्लेड समोर उघडल्याशिवाय हनुवटी वर करत नाहीत. कानवाल्याला लांबूनच रामराम. तू ये गं लवकर इकडे. पुन्हा नीट ऐकू यायला लागल्यापासून कुणाशी बोलू आणि कुणाचं ऐकू असं झालंय त्यांना.