लॉकरमधलं नाटक

दौलतगंजात माझा फोटो स्टुडिओ आहे. गणेशोत्सवातल्या नाटकाचं मी केलेलं रेकॉर्डिंग मंडळाच्या सेक्रेटरीकाकांनी पेन ड्राइव्हवर घेऊन बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं होतं. आठ-नऊ वर्षांनी मंडळातल्या पोरांनी बघायचा हट्ट धरला म्हणून माझ्याकडे आणलं, तर फाइल उघडेना.

"लॉकरमध्ये होता, बिघडेल कसा?"

"काका, वीज न मिळता पडून राहिला की त्यातला चार्ज हळूहळू गळतो. कुलूप चोराला अडवतं, चार्जला नाही."

काका तोंडदेखलं हळहळले. त्या नाटकात संवाद विसरून त्यांनी भर स्टेजवर प्रॉम्प्टरलाच झापलं होतं.

"पण माझ्याकडे दोन हार्ड डिस्कवर कॉपी आहे," मी गोड आवाजात म्हणालो. "दर वर्षी चालवून तपासतो, चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवतो."

काकांचा चेहरा उतरला. "अरे, रहने दे ना! एवढी मेहनत कशाला करतोस?"