एकतिसाव्या मिनिटाचा रकाना

तेलगावच्या अलीकडच्या एका गावात पाणी सहकारी संस्था होती आणि उत्तरेश्वर तिचा सचिव. वीस वर्षं त्यानं सभेची इतिवृत्तं लिहिली. जो गप्प बसला तो मान्य, ही संस्थेची रीत. भांडणं टळायची आणि कागद शोभून दिसायचा.

सोळा सालच्या दुष्काळात अध्यक्ष बंकटनं पिण्याच्या विहिरीजवळ सहाशे फुटी बोअरचा बेत काढला. गावाला ती एकच विहीर उरली होती. म्हणून संस्थेत दोन जाणकारांची चर्चा झाली, ती मोबाइलवर टेप केली आणि सभेपुढं ठेवायला तक्ता करायचं काम उत्तरेश्वरकडं आलं. डाव्या रकान्यात अभियंता मोहनराव : बोअरला वरून केसिंगचा पाइप टाकला तर वरचं पाणी सुरक्षित, मिनिट चौदा. उजव्यात भूजल खात्याच्या हमीदा मॅडम : खडकाच्या भेगा वरखाली जोडलेल्या असू शकतात, मिनिट सतरा. दिवसाला आठ तास उपसा? मोहनराव : चालेल, मिनिट एकतीस. मॅडम : मान्य.

सभेत तक्ता वाचताना 'मॅडम : मान्य' आलं आणि रामहरी उठला. चर्चेला तो स्वतः हजर होता. त्याची अख्खी गल्ली त्याच विहिरीवर पाणी भरायची.

"म्याडम मान्य कवा म्हणल्या बे?" म्हणत त्यानं उत्तरेश्वरच्या कानशिलात अशी ठेवली, की चष्मा खुर्च्यांखाली गेला.

उत्तरेश्वरनं टेप लावला. एकतिसाव्या मिनिटाला मॅडमना प्रश्न विचारला जातो, तेवढ्यात चहा येतो, कपबश्या वाजतात आणि पुढचा प्रश्न सुरू होतो. मॅडमचा शब्दच नाही. वीस वर्षांची सवय तक्त्यातही उतरली होती. त्यानं 'मान्य' खोडून 'उत्तर नाही' लिहिलं.

"अमान्य लिव!" रामहरीनं गचांडी धरली.

"न्हाई. त्या बोलल्याच न्हाईत."

"मंग फोन लाव त्यांना."

"लावतो. मोहनरावांनाबी लावावा लागंल. अन् ते येगळ्या कागदावर. ह्यो तक्ता टेपचा हाय."

रामहरीनं पोटात गुडघा घातला. उत्तरेश्वर वाकला तोच बंकट पाइपचा तुकडा घेऊन आला. "कुणाला इचारून खोडलंस रे, भाड्या?" पहिला घाव खांद्यावर, दुसरा उजव्या मनगटावर. हाड वाजलेलं मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मग दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडल्या. खुर्च्या उडाल्या, कुणाचं डोकं फुटलं, आणि दोन्हीकडचे येता-जाता सचिवाला एकेक लाथ देऊन जात होते. एवढी निःपक्ष वागणूक त्याच्या तक्त्यालाही जमली नव्हती.

टेबलाखालून त्यानं कागद ओढला. वाचन मध्येच तुटल्यानं शेवटची ओळ अजून कुणी ऐकलीच नव्हती. तोंडातलं रक्त थुंकून तो ओरडला :

"दोघांना मान्य! उपसा-चाचणी झालेली न्हाई, ती आधी करा! मोहनराव मिनिट बावीस, म्याडम मिनिट चोवीस!"

"मोहनराव म्हणले?" बंकटचा पाइप वरच राहिला.

"ऐका." त्यानं डाव्या अंगठ्यानं टेप लावला. मोहनरावांचा स्वच्छ आवाज आला : चाचणीशिवाय मीही सही करणार नाही.

बंकट खाली बसला. मोहनराव म्हणजे त्याचाच माणूस. ज्यांच्या अंगावर धड सदरे उरले होते, त्यांनी हात वर केले. पाणी उपसून पाहायची ती चाचणी होईस्तोवर बोअर नाही, असं ठरलं.

उत्तरेश्वरचा उजवा हात वर जाईना. तसंही सचिवाला मत नव्हतंच.