व्हॉल्यूमची ओळ

गुडघे गेले तेव्हा दाजींनी मेंढ्या विकल्या. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, निरगुडसरच्या अंगाचे. त्यांच्या घरात बापजाद्यांपासून मेंढरं होती. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडाशी परत यायचं आणि मधल्या दिवसांत लोकांच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवायच्या. डॉक्टर म्हणाले, आता चालणं बंद. दोन बाजारांत मिळून सगळा कळप गेला. आलेल्या पैशांवर दोघांनी म्हातारपण काढायचं होतं आणि माझ्या भाचीचं नर्सिंगचं शिक्षणही पुरं करायचं होतं.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. त्या वर्षी पोरांना पायथन शिकवता शिकवता मला शेअर बाजाराचा नाद लागला. पुस्तकातली तीच ती उदाहरणं देऊन कंटाळलो होतो. मग शेअर निवडणारा एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. त्याला स्क्रीनर म्हणतात. कंपन्यांची यादी द्यायची, प्रत्येकीचे रोजचे बंद भाव वाचायचे, आणि ज्या आपल्या अटींत बसतात तेवढ्याच छापायच्या.

अटी मी चार ठेवल्या होत्या. आजचा भाव गेल्या दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर हवा. पन्नास दिवसांची सरासरी दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर हवी. म्हणजे शेअर एकूण चढतीला आहे. तिसरी अट आरएसआयची. चौदा दिवसांत भाव सरासरी किती वाढला आणि किती पडला, त्यावरून निघणारा शून्य ते शंभरमधला हा आकडा. तो तीसच्या खाली गेला की शेअर अलीकडे फार विकला गेलाय असं समजतात. आणि चौथी अट व्हॉल्यूमची: गेल्या वीस दिवसांत रोज सरासरी एक लाख शेअरांचा तरी व्यवहार झालेला हवा.

एका रविवारी दाजी आणि आक्का आमच्याकडे आले होते. दाजी माझ्या खुर्चीमागे उभे राहून स्क्रीनकडे बघत होते.

"पावणं, ह्ये काय करतंय?"

मी सरासरीपासून सुरुवात केली, पण चेहऱ्यावरून कळलं की पोचत नाहीय. मग म्हणालो, "दाजी, चांगल्या कळपातली एखादी मेंढी चार दिवस वाळलेली दिसते. भाव पडलेला असतो. कळप चांगला आहे म्हणून आपण ती घेतो आणि ती पुन्हा भरते. हा प्रोग्राम तशी मेंढी हुडकतो."

दाजी हसले. "आन मी चाळीस वर्सं उन्हात हिंडलो. तुमी खुर्चीत बसून मेंढरं हुडकाय लागला, राव."

हे उदाहरण मी दिलं नसतं तर पुढचं काही झालं नसतं. सरासरी आणि आरएसआय त्यांना कधीच पटले नसते. वाळलेली मेंढी मात्र त्यांना पटली, कारण त्यांनी तशा शेकड्याने घेतल्या होत्या.

त्यांचं डिमॅट खातं मीच त्यांच्या फोनवर उघडून दिलं. आक्का चहा ठेवताना म्हणाली, "ह्याला मेंढी धरता येत न्हाई आन तुमी ह्याच्याकडून मेंढी घेताय." आम्ही तिघंही हसलो.

पहिले तीन शेअर मोठ्या कंपन्यांचे होते. थोडे थोडे घेतले, थोडे थोडे वाढले, विकले. साडेतीनला बाजार बंद होतो. चारच्या सुमारास मी कॉलेजातून प्रोग्राम चालवायचो आणि लगेच दाजींचा फोन यायचा. "आज काय निघालं?" ते गावात सांगायचे की आमच्या पावण्यानं मशीन केलंय. मला ते आवडायचं. घरात, कॉलेजात, कुठेही माझ्याबद्दल असं कुणी बोलत नव्हतं.

मग यादी रिकामी येऊ लागली. यात नवल काही नव्हतं. चढतीचा शेअर आणि आरएसआय तीसच्या खाली, असं एकत्र क्वचितच होतं. अट कडक होती आणि तशीच असायला हवी होती. पण रोज चारला फोन यायचा आणि रोज मला म्हणावं लागायचं, "आज काही नाही, दाजी." दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "मशीन दमलं वाटतं." चेष्टाच होती. पण मला ती लागली.

आधी मी यादी वाढवली. पाचशे मोठ्या कंपन्यांऐवजी बाजारातल्या झाडून सगळ्या घेतल्या, अगदी कुणी नाव न ऐकलेल्याही. तरी काही निघेना. लहान कंपन्या व्हॉल्यूमच्या अटीतच गळत होत्या. मग एका दुपारी, लॅबमध्ये पोरांचं प्रॅक्टिकल चालू असताना, मी व्हॉल्यूमच्या ओळीपुढे # ही खूण टाकली. ही खूण असली की पायथन ती ओळ वाचतच नाही. ओळ दिसायला तिथेच राहते, पण काम करत नाही. आता नुसतं बघू, असं मी मनाशी म्हणालो.

प्रोग्राम पुन्हा चालवला. एक नाव आलं. आरएसआय सत्तावीस, चढतीच्या दोन्ही अटी पुऱ्या. एक नाव आल्याचा मला किती आनंद झाला होता ते आज लिहितानाही लाज वाटते. त्या शेअरच्या भावांचा तक्ता उघडून बघायला एक मिनिट लागलं असतं. मी उघडला नाही.

दाजींचा फोन आला. मी नाव सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. मग त्यांनी विचारलं, "पावणं, हिला गिऱ्हाईक हाय का? उद्या नड पडली तर घ्याया कुणी येईल ना?"

जनावर घ्यायच्या आधी ते विकता येईल का हे बघायचं, ही त्यांची जुनी रीत. बाजारात दाखल झाल्यावर ते आधी मेंढी बघत नसत, गिऱ्हाइकं किती आलीत ते बघत. मी ज्या ओळीपुढे खूण टाकली होती, ती नेमकं हेच विचारत होती. आणि मी म्हणालो, "शेअर बाजार आहे, दाजी. तिथे कायम गिऱ्हाईक असतं."

त्यांनी कळपाच्या पैशांतले दोन तृतीयांश घातले. 'थोडेच घाला' असं मी म्हणालो होतो का? आठवत नाही. म्हणालो असेन अशी आशा आहे, पण खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन करून सांगितलं, "सगळं एका झटक्यात मिळालं. वाट बगायला बी लागली न्हाई." तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. एवढ्याशा कंपनीचे एवढे शेअर इतक्या चटकन कोण देतं? मग मी तक्ता उघडला. वर्षभरात भाव पाचपट झाला होता, तोही रोज मोजक्याच शेअरांच्या व्यवहारात. आणि गेले दोन-अडीच आठवडे तो रोज पाच टक्क्यांनी पडत होता. एका दिवसात याहून खाली जाता येत नाही अशी ती मर्यादा, तिला लोअर सर्किट म्हणतात. भाव तिथे टेकला की विकणारे रांगेत उभे राहतात आणि घेणारा कुणी नसतो. रोज पडत होता म्हणून आरएसआय तीसखाली गेला होता. आधी पाचपट चढला होता म्हणून भाव अजून दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर होता. माझ्या प्रोग्रामने काहीही खोटं सांगितलं नव्हतं.

मी दाजींना लगेच विकायला लावलं. ऑर्डर लागली, पण पुढे काही लाख शेअर आधीच विकायला उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच ऑर्डर टाकली. तेच झालं. असं सुमारे दोन महिने चाललं. दाजी फोनवर विचारायचे, "आज आलं का गिऱ्हाईक?" शेवटी शेअर विकले गेले तेव्हा घातलेल्याचा दहावा हिस्सा हाती आला.

कुणीही मला दोष दिला नाही. गावात म्हणाले, बाजार हाय, व्हतं असं. दाजी म्हणाले, कळपात रोग शिरला की काय करता. भाचीने पुढच्या वर्षाची फी भरली नाही आणि मंचरला एका दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. आणि दाजी तेच गुडघे घेऊन निमगाव सावाच्या अंगाला दुसऱ्याच्या मेंढ्यांमागे जाऊ लागले.

एकदा मी ती खूण काढून, त्याच दिवसाचे भाव घालून प्रोग्राम पुन्हा चालवला. यादी रिकामी आली. रिकामीच येणार हे माहीत होतं, तरी चालवला. पुढचे सात महिने मी हे कुणाला सांगितलं नाही.

गेल्या माघात मी दाजींना भेटायला त्यांच्या कामावर गेलो. कांद्याच्या मोकळ्या वावरात मेंढ्या बसवायच्या होत्या. दुपार कलत होती. दाजी वाघर लावत होते. वाघर म्हणजे मेंढ्यांभोवती ताणायची जाळी. शेजारी ऊस होता, बिबट्याची भीती होती, म्हणून त्या बाजूची जाळी ते दुहेरी करत होते. एक खुंटी ठोकायला त्यांना तीनदा टेकावं लागलं. मी हातोडी घ्यायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, तिरपी ठोकाल."

मी तिथेच ढेकळावर बसून सगळं सांगितलं. ती ओळ, ती खूण, नंतर चालवून बघितलेलं. मधे त्यांनी एकदाच थांबवलं.

"म्हंजी मी जे इचारलं, ते तुमच्या मशीनला ठावं व्हतं?"

"होय."

"आन तुमी त्याचं तोंड बांधलं."

"होय."

"का?"

"रोज यादी रिकामी यायची, दाजी. तुम्ही फोन करायचात. मला 'काही नाही' म्हणायला नको वाटायचं."

त्यांनी पुढच्या खुंटीला दोरी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "मोकळा हात घेऊन बाजारातनं मी किती येळा घरी आलोय," ते म्हणाले. "त्यात कसली लाज, पावणं? त्या दिशी काय न्हाई म्हनला असता, तर मी चहा पिऊन झोपलो असतो."

मी माफी मागितली. त्यांनी ऐकली की नाही ते कळलं नाही. मेंढ्या आत घ्यायची वेळ झाली होती. एकेक करून त्या जाळीतून आत गेल्या आणि दाजी ओठ हलवत मोजत राहिले. मोजून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आक्काला सांगू नका. तिला भाऊ येकच हाय."

आक्काला मी अजून सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो तेव्हा तिने मला भाकरी वाढली आणि विचारलं, "तुझं ते मशीन चालू हाय का अजून?" नाही म्हणालो. ती म्हणाली, "बरं झालं," आणि दाजींच्या गुडघ्यांसाठी तेल गरम करायला उठली.